तिसऱ्या ओळीतली चूक

दर्यापूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत एका माडीवर नागसेन तायडे मास्तरांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. एकोणतीस वर्षं ते तिथे लोकांच्या चुका मोजत बसले. एका पानावर किती चुका, हे ते कागद डोळ्यांपुढून एकदा सरकवून सांगायचे. मग लाल पेन्सिलीनं एकेका चुकीभोवती गोल काढायचे. गोल काढताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसायचा, तो त्यांच्या बायकोनं लग्नाच्या फोटोतसुद्धा पाहिला नव्हता. असं ती स्वतःच सांगत असे.

त्यांचे नियम तीन होते आणि ते भिंतीवर टाइप करून चिकटवलेले होते. मशीनकडे पाहायचं नाही, कागदाकडे पाहायचं. खोडायचं नाही, चूक झाली की नवा कागद घ्यायचा. आणि पत्र कुठलंही असो, आधी विषय वाचायचा. विषय वरच असतो, खाली नुसत्या सह्या आणि शिक्के असतात. या तीन नियमांवर दर्यापूर तालुक्यातले निदान पाचशे कारकून तयार झाले, असा मास्तरांचा हिशेब होता. तो फारसा खोटा नसावा.

पुढे सरकारनं टाइपरायटरवरची परीक्षाच बंद केली. मास्तरांनी बारा मशीनवर चादरी टाकल्या, सहा कॉम्प्युटर आणले आणि पाटीवर ‘कॉम्प्युटर’ हा शब्द वाढवला. कॉम्प्युटर त्यांना अगदी परका नव्हता. तरुणपणी अमरावतीला त्यांनी बेसिक भाषेचा एक वर्षाचा डिप्लोमा केला होता. तिथे ओळींना दहा, वीस, तीस असे आकडे द्यावे लागत. चूक झाली की पडद्यावर तिचं नाव यायचं आणि पुढे ओळीचा आकडा. आकडा पाहायचा, ती ओळ काढायची, एखादं अक्षर राहिलेलं असायचं, ते भरायचं. मास्तरांना हे फार पटलं होतं. म्हणजे इथेही शेवटी टायपिंगच.

रुबीना त्यांच्याकडे आली ती मशीनच्या अखेरच्या वर्षात. ती मूळची अकोटची. वडिलांचं नाव वली, ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. दर्यापूरला ती तिच्या खालाकडे, म्हणजे मावशी कुलसुमबींकडे, राहायची. दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली, मराठी बोलायला-वाचायला चांगली, पण इंग्रजीशी तिचा संबंध फक्त बोटांपुरता. अक्षरं ओळखायची, शब्दाचा अर्थ विचारला तर हसायची. आणि तरी इंग्रजीच्या परीक्षेत मिनिटाला चाळीस शब्दांच्या वेगानं तिनं अख्खं पान टाइप केलं, त्यात एकही चूक नव्हती. मास्तरांनी कागद दोनदा सरकवला, उजेडात धरला, शेवटी लाल पेन्सिल खिशात ठेवली. अर्थ कळत नसल्यामुळेच तिचं चुकत नाही, असं ते म्हणायचे. ज्याला इंग्रजी येतं तो अंदाज बांधतो आणि चुकतो. रुबीना अंदाज बांधत नाही, जे आहे ते उतरवते.

तो कागद त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. नव्या पोरांना दाखवायला.

दोन हजार सतराच्या हिवाळ्यात रुबीना अकोटला परत गेलेली होती. ते बोंडअळीचं वर्ष. कापूसच कमी आला, तेव्हा जिनिंगची एक पाळी बंद झाली आणि वली अर्धा दिवस घरी बसू लागले. अशात तिचा एक दिवस मास्तरांना फोन आला. अमरावतीच्या एका संस्थेनं मुलींसाठी सहा महिन्यांचं प्रोग्रामिंगचं शिक्षण काढलं होतं, राहायची सोय करून. अठरा जागा. निवडीच्या आधी महिनाभर एक जुना लॅपटॉप आणि एक स्पायरल बांधणीचं पुस्तक घरी द्यायचे. पुस्तकातले धडे करायचे, शेवटच्या धड्यातला प्रोग्राम बारा जानेवारीला तिथे चालवून दाखवायचा. चालला तर जागा.

“पुस्तक इंग्रजीत हाय सर,” रुबीना म्हणाली. “पण चौकटीतलं सारं टाइप करून राहिली मी. चालते. आठ धडे झाले.”

“मग भेव कशाचं?” मास्तर म्हणाले. “तुले टाइप कराले कोन शिकोलं?”

“मले लोकाइचे कागद नाही टाइप कराचे आता,” ती म्हणाली. “मले मशीनले काम सांगाचं हाय.”

हे वाक्य मास्तरांना इतकं आवडलं की दोन-तीन दिवस त्यांनी ते चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकवलं. आपल्या हाताखालची पोरगी आता मशीनला काम सांगणार. अडलं-नडलं तर विचार, असं त्यांनी तिला ठासून सांगितलं होतं. अडल्यावर काय करायचं तेही सांगितलं होतं. फोटो पाठव, पण अख्ख्या पानाचा नको, माझ्या फोनवर अक्षर बारीक दिसतं. वरचं तेवढं कापून पाठव. विषय वरच असतो.

नवव्या धड्यावर ती अडली. व्हॉट्सॲपवर फोटो आला, खाली एक ओळ: सर, हे काय लिहिलं आहे?

फोटो सुबक कापलेला होता. काळ्या चौकोनावर पांढरी अक्षरं. पहिल्या ओळीत ‘ट्रेसबॅक’ आणि पुढे कंसात काहीतरी. दुसऱ्या ओळीत प्रोग्रामचं नाव, मग स्पष्ट आकडा: लाइन थ्री. तिच्याखाली प्रोग्रामची ती तिसरी ओळच उतरवलेली, ज्यात ‘प्राइसेस’ नावाची फाइल उघडायला सांगितलं होतं. तिथे फोटो संपत होता.

मास्तरांना बरं वाटलं. सगळं ओळखीचं होतं. आकडा दिलेला आहे, ओळ दिलेली आहे. कंसातलं त्यांनी वाचलं नाही. त्यांचं इंग्रजीही काही फार पक्कं नव्हतं, सरकारी पत्रापुरतं होतं. आणि हा फोटो रुबीनाच्या पडद्याचा आहे की आणखी कशाचा, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी फोन लावला.

“तिसऱ्या ओळीत चूक हाय,” ते म्हणाले. “टायपिंग मिस्टेक. कुठीतरी टिंब नाहीतर कंस राह्यला असन. नवीन कागद घे, पहिल्यापासून टाइप कर.”

“हो सर.”

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. नवीन केलं, तेच येतं.

“पुन्हा कर. तिसरी ओळ हळू कर.”

तिसऱ्या दिवशी पुन्हा. यावेळी ती जरा चाचरत बोलली. “सर, एक सांगू का? पुस्तकातबी असंच हाय. मी तुमाले पुस्तकातल्या चित्राचाच फोटो पाठोला. माया पडद्यावर बिलकुल तसंच येते.”

पुढे मास्तरांनी आयुष्यात कितीतरी वेळा हे वाक्य मनातल्या मनात पुन्हा ऐकलं. तेव्हा मात्र त्यांच्यासमोर तलाठी भरतीचे फॉर्म भरणारी नऊ पोरं उभी होती, नेट सारखं तुटत होतं आणि भगवंतराव नावाचे एक गृहस्थ सातबारा स्कॅन करून मागत होते. मास्तरांनी ऐकलं आणि हसून सोडून दिलं.

“पुस्तकात कशी चूक असन?” ते म्हणाले. “पुस्तक छापेल असते, तपासेल असते. तुलेच तसं दिसून राह्यलं. नीट पाह्य.”

“हो सर,” ती म्हणाली.

ती ‘हो सर’ म्हणाली हेच वाईट झालं. दुसरी एखादी असती तर भांडली असती. पण रुबीना त्यांच्याच तालमीत तयार झालेली होती. तिथे मास्तरांनी चूक म्हटलं की चूक. गोल कुठे आहे हे विचारायचं, पण गोल का आहे हे विचारायचं नाही.

आठ-दहा दिवस गेले. सहा जानेवारीला तिचा शेवटचा फोन आला. आवाज बसलेला होता. सर, कितीही केलं तरी तिसरीच ओळ. मास्तर त्या दिवशी चिडलेले होते. बारा मशीन भंगारात घालायला माणूस आला होता आणि तो एकेक मशीन लोखंडासारखी उचलून जिन्यावरून नेत होता. त्या आवाजात त्यांनी फोन कानाला लावला आणि जे बोलू नये ते बोलले.

“रुबीना, तुया हात बिघडला.”

बाहेरच्या माणसाला या वाक्यात काही दिसणार नाही. टायपिंगच्या माडीवर मात्र याहून जड वाक्य नाही. हात बिघडला म्हणजे बोटं चुकीच्या सवयीला लागली. आता त्यांना सुधारायचं तर सगळं विसरून पुन्हा पहिल्या धड्यापासून यावं लागतं, आणि बहुतेक जण येत नाहीत. मास्तरांनी हे वाक्य एकोणतीस वर्षांत चार-पाच जणांनाच ऐकवलं असेल. ते सगळे टगे होते.

मग ती म्हणाली, “ठीक हाय सर.” आणि फोन बंद झाला.

बारा जानेवारी गेली. मास्तरांना वाटलं, निवड झाली असेल, पेढे घेऊन येईल. नाही आली तेव्हा वाटलं, अमरावतीला गेली की पोरं विसरतात. थोडं वाईट वाटून त्यांनी तो विषय सोडला. खरं तर एक फोन करायला काय झालं होतं? पण आपण बोललेलं आपल्याला टोचत असलं की माणूस फोन करत नाही.

फेब्रुवारीत एक तरुण मुलगी माडी चढून आली. तिचं नाव माधवी, त्याच संस्थेत शिकवायची. पुढेमागे दर्यापूरला एखादा वर्ग घेता येईल का, हे पाहायला ती गावोगाव फिरत होती. मास्तरांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि ऐटीत विचारलं, “आमची रुबीना काय म्हणते? अकोटची.”

माधवीनं कप खाली ठेवला. “रुबीना तुमची विद्यार्थिनी? सर, ती आलीच नाही. आठ तारखेला तिच्या वडिलांनी लॅपटॉप परत आणून दिला. मुलीला जमत नाही म्हणाले. तो लॅपटॉप माझ्या बॅगेतच आहे. मला तिच्याबद्दल कुणाला तरी विचारायचंच होतं.”

तिनं तो लॅपटॉप टेबलावर उघडला, काचेखालच्या त्या कागदाच्या बरोबर वर. आत एक फोल्डर होतं. त्यात एकाखाली एक फाइली होत्या. रिपोर्ट एक, रिपोर्ट दोन, रिपोर्ट तीन, अशा थेट एक्केचाळीसपर्यंत.

“तिनं एकच प्रोग्राम एक्केचाळीस वेळा लिहिलाय,” माधवी म्हणाली. “एकही फाइल खोडलेली नाही, दरवेळी नवी केलीय. का, ते मला कळत नव्हतं.”

मास्तरांना कळलं. ते भिंतीकडे पाहत राहिले. खोडायचं नाही, नवा कागद घ्यायचा.

“मी कॉम्प्युटरला सगळ्या फाइली एकमेकींशी ताडायला लावल्या,” ती पुढे म्हणाली. “मग पुस्तकातल्या प्रोग्रामशी ताडल्या. कुठेही एका अक्षराचा फरक नाही. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बरोबर आहेत. इतकं स्वच्छ काम आमच्या अठरापैकी एकीचंही नव्हतं.”

“मग चालला काहून नाही?” मास्तरांनी विचारलं.

माधवीनं ते पुस्तक काढलं आणि नववा धडा उघडला. तोच काळा चौकोन, तीच पांढरी अक्षरं, पण आता अख्खा. फोटो जिथे संपला होता, त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. मास्तरांनी ती पहिल्यांदाच पाहिली.

“हा प्रोग्राम ‘प्राइसेस’ नावाच्या फाइलमधून आकडे वाचतो आणि त्यांची बेरीज करतो,” माधवी म्हणाली. “या धड्यात ती फाइल अजून केलेलीच नसते. मुद्दाम. चूक आली की कशी दिसते ते शिकवायला. शेवटची ओळ म्हणते, अशी कुठली फाइल इथे नाही. बस, एवढंच. आणि चित्राखाली लिहिलंय, घाबरू नका, हेच यायला हवं होतं, आधी शेवटची ओळ वाचा. आता नोटपॅडमध्ये त्या नावाची फाइल करा, कुठलेही पाच आकडे एकाखाली एक लिहा, याच फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रोग्राम पुन्हा चालवा.”

“पन तिसरी ओळ...”

“तिसऱ्या ओळीवर प्रोग्राम थांबला, इतकंच तो आकडा सांगतो. त्या ओळीत टायपिंग चुकलंय असं नाही. तिथे फाइल उघडायला गेला, ती मिळाली नाही. काय झालं ते शेवटच्या ओळीत असतं. पहिल्या ओळीतसुद्धा कंसात तेच लिहिलंय पाहा, सगळ्यात अलीकडचं शेवटी आहे म्हणून.”

मास्तरांनी कंसातलं वाचलं. ज्या पहिल्या ओळीला ते विषय समजून बसले होते, तीच त्यांना खाली पाहा म्हणून सांगत होती.

माधवीनं नोटपॅड उघडलं, दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास असे पाच आकडे टाकले, फाइलला नाव दिलं. मग रुबीनाचा एक्केचाळिसावा प्रोग्राम चालवला. पडद्यावर ‘रिपोर्ट’ असा शब्द उमटला आणि त्याखाली दीडशे. चहा अजून कोमटसुद्धा झालेला नव्हता.

“चित्राखालचा मजकूर चौकटीत नव्हता,” माधवी स्वतःशीच म्हणाली. “ती चौकटीतलंच उतरवत असणार. कुणी तिला एवढा परिच्छेद वाचून दाखवला असता ना, तरी झालं असतं.”

कुणी म्हणजे कोण, हे तिला माहीत नव्हतं. मास्तरांनी सांगितलंही नाही. आता घेता येईल का तिला, एवढंच विचारलं. माधवीनं मान हलवली. अठरा जागा भरल्या होत्या, वर्ग सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, आणि पुढची तुकडी निघेल की नाही हे तिलाच ठाऊक नव्हतं. ती निघाली तेव्हा मास्तरांनी तिच्याकडून त्या एका पानाची झेरॉक्स मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते अकोटच्या एसटीत बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उपटून बांधावर टाकलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या होत्या. मास्तर वाटभर काय बोलायचं ते जुळवत होते. मशीनचा गोंधळ होता, फोन नीट ऐकू आला नाही, फोटो अर्धा होता. यातलं काही खोटं नव्हतं. पण फोटो अर्धा का होता, याचं उत्तर त्यांच्याच भिंतीवर टाइप केलेलं होतं.

वलींचं घर सापडायला वेळ लागला नाही. वली जिनिंगवर गेलेले होते. रुबीना दाराशी उजेडात बसून साडीला फॉल लावत होती. शेजारी आणखी पाच-सहा साड्या घडी घालून ठेवलेल्या. मास्तरांना पाहून ती गडबडीनं उठली, ओढणी सावरली, पाणी आणलं. तिची नजर वर होत नव्हती.

“सर, मले जमलं नाही,” तीच आधी बोलली. “तुमी एवढं सांगत होते. हात बिघडला तो बिघडलाच. आता तर टाइप कराचं सोडलंच मी.”

मास्तरांनी वाटेत जुळवलेलं सगळं गिळलं.

“तुया हात नाही बिघडला,” ते म्हणाले. “एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बरोबर होते. एक अक्षर चुकेल नव्हतं. मलेच वाचता आलं नाही.”

रुबीनानं सुई साडीत खोचून ठेवली. त्यांनी झेरॉक्स काढली, तिच्यासमोर ठेवली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द सांगितला. हा शब्द म्हणजे फाइल सापडली नाही. हा म्हणजे अशी फाइल इथं नाही. आणि हे त्या फाइलचं नाव, जी प्रोग्राम शोधत होता. मग खालचा परिच्छेद सांगितला. घाबरू नका, हेच यायला पाहिजे होतं.

“मंजे मशीन मले चूक म्हनतच नव्हती,” ती हळू म्हणाली.

“नाही.”

“फाइल ठेव, म्हनत होती.”

“हो.”

“मंग पुस्तकातबी असंच हाय म्हनलं होतं मी, ते बरोबर होतं?”

“तूच बरोबर होती,” ते म्हणाले. “पुस्तकातलीबी अन् पडद्यावरचीबी, दोनी गोष्टी तू बरोबर सांगतल्या. मी आयकलं नाही. माफ कर मले.”

ती रडली नाही, रागावलीही नाही. तसं काही केलं असतं तर मास्तरांना सोसलं असतं. तिनं फक्त एकदा आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. बोटांना सुई टोचल्याच्या खुणा होत्या. ती बोटं तिनं मांडीवर अलगद वाजवली, डावी चार, उजवी चार, पहिल्या धड्यातली पोरं जशी वाजवतात तशी.

“आता अमरावतीले जागा असन का सर?”

“नाही,” मास्तर म्हणाले. “मी इचारलं.”

तिनं मान हलवली. मग झेरॉक्स त्यांच्यापुढे सरकवून म्हणाली, “त्याचा अर्थ या कागदावर लिहून द्या सर. मराठीत. माया जवळ राहू द्या.”

मास्तरांनी खिशात हात घातला. पेन नव्हतं, लाल पेन्सिल होती. त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि सवयीनं पानाच्या अगदी वर, कोऱ्या जागेत, पेन्सिल टेकवली.

“खाली लिहा सर,” रुबीना म्हणाली. “खरं खालीच लिहेल हाय.”

मास्तरांनी पेन्सिल उचलली, शेवटच्या ओळीखाली टेकवली आणि सावकाश लिहिलं: प्रोग्राम बरोबर आहे, फाइल ठेवायची राहिली.